यादीतलं एकसारखेपण आणि ‘-पेक्षा’ची तुलना

कोराकागद: एका सूचनेत हे वाक्य आहे: ‘मदतनीसाने नोंदी ठेवणे, पत्रव्यवहार आणि आलेल्यांना माहिती द्यावी.’ वाचताना मध्येच ठेच लागते. स्वल्पविराम चुकलाय का?

दौत: स्वल्पविराम बरोबर आहे. यादीतला एकेक तुकडा सुटा घ्या आणि वाक्याचा शेवट त्याला जोडून बघा. ‘मदतनीसाने माहिती द्यावी’ जुळतं. ‘मदतनीसाने पत्रव्यवहार द्यावी’ जुळत नाही, आणि ‘नोंदी ठेवणे’ तर नुसतंच लटकतं. म्हणून एकतर तिन्हीकडे क्रियापद आणा: ‘मदतनीसाने नोंदी ठेवाव्यात, पत्रव्यवहार सांभाळावा आणि आलेल्यांना माहिती द्यावी.’ नाहीतर तिन्ही कामांची नावं करा: ‘नोंदी ठेवणे, पत्रव्यवहार सांभाळणे आणि आलेल्यांना माहिती देणे ही मदतनीसाची कामे आहेत.’ सूचनेला मी पहिलं घेईन.

मोरपीस: थोडक्यात, सगळीकडे ‘-णे’ लावलं की झालं.

दौत: नाही हो. ‘लेखन, वाचन आणि पाठांतर’ छान चाललंय, तिथे ‘-णे’ कशाला? खटकतं ते ‘लेखन, वाचणे आणि पाठांतर’. उलट ‘लिहिण्यापेक्षा वाचणे सोपे’ यात रूपं वेगळी दिसतात, पण ती ‘पेक्षा’मुळे. जोडी जुळलेलीच आहे.

पाटीपेन्सिल: आम्हाला ‘विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांनी उपस्थित राहावे’ असं छापायचंय. चालेल ना?

दौत: ‘-नी’ फक्त पालकांना मिळालाय. सुटं करून वाचा: ‘विद्यार्थी उपस्थित राहावे’. ‘विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांनी’ केलंत की तिघेही मूळ रूपात राहतात आणि प्रत्यय एकदाच येतो.

मोरपीस: बातम्यांत सर्रास शेवटच्यालाच प्रत्यय असतो, बोलतानाही. मला ती चूक वाटत नाही.

दौत: बोलण्यात मीही हटकणार नाही. छापताना मात्र ‘यांनी’च घालतो.

ओसरी: तुलनेतही हीच गंमत. ‘हत्तीचे कान घोड्यापेक्षा मोठे’ यात कानांची तुलना अख्ख्या घोड्याशी झाली! ‘घोड्याच्या कानांपेक्षा’ हवं.

मोरपीस: मग ‘माझं घर तुझ्यापेक्षा मोठं’ हेही चूक का? कुणीही घराची माणसाशी तुलना समजत नाही.

ओसरी: व्याकरणाने ‘तुझ्या घरापेक्षा’च.

दौत: घराच्या वाक्यात मी मोरपीस यांच्या बाजूने, कारण दुसरा अर्थ निघतच नाही. पण हे बघा: ‘तिला भावापेक्षा मैत्रीण जास्त आवडते.’ भाऊ तिला कमी आवडतो, की भावाला ती मैत्रीण कमी आवडते? पहिला अर्थ हवा असेल तर ‘तिला भाऊ आवडतो त्यापेक्षा मैत्रीण जास्त आवडते’. दुसरा हवा असेल तर ‘भावाला मैत्रीण जितकी आवडते, त्यापेक्षा तिला जास्त आवडते’. लांबतं, पण घोळ उरत नाही.

ओसरी: घराबद्दल माझं मत अजून तेच आहे.