घाईच्या मेलमधलं 'हॅज वेन्ट': सहकाऱ्याला सांगावं का?

कोथरूडकर: टीममधला एक मुलगा कामात चोख आहे, पण घाईत 'द फाइल हॅज वेन्ट टु द क्लायंट येस्टरडे', 'वी हॅव टुक द बॅकअप', 'आय सीन युअर मेल' असं लिहितो. मला खटकतं. सांगावं की सोडून द्यावं?

शनिवारपेठी: सोडून द्या. फाइल गेली हे कळलं ना? मेल कामासाठी असतो.

ऑडिटवाला: मला नाही पटत. असं वाक्य वाचलं की खालचे आकडेही मी दोनदा तपासतो. हा आळस आहे. शाळेत गो-वेन्ट-गॉन पाठ करून घेतात. 'हॅज वेन्ट' दिसलं की 'हॅज गॉन' करायचं, झालं.

भाषांतरवाली: आळस नाही, मराठीची सवय आहे. 'फाइल गेली' आणि 'फाइल गेली आहे', दोन्हींत 'गेली' तसंच राहतं, आपण नुसतं 'आहे' जोडतो. इंग्रजीत 'सेन्ट', 'चेक्ड' यांचंही तसंच चालतं, म्हणून तिथे कोणी अडखळत नाही. गो, टेक, सी यांचं तिसरं रूप वेगळं असतं आणि नेमकं तिथेच फसतं. शब्द सुटे बरोबर असल्यामुळे स्पेलिंगची लाल रेघही उमटत नाही.

आणि ऑडिटवाले, तुमच्या दुरुस्तीनंतरही ते वाक्य चुकीचंच राहतं. त्यात 'येस्टरडे' आहे, म्हणजे 'हॅज'च काढायला हवा: 'द फाइल वेन्ट टु द क्लायंट येस्टरडे'. आपण 'काल पाठवली आहे' सहज म्हणतो, म्हणून तो 'हॅज' येतो. बॅकअपच्या वाक्यात वेळ दिलेली नाही, तिथे मात्र 'हॅव टेकन' हवं. आधी वाक्यात काल, सकाळी, सोमवारी असं काही आहे का ते बघायचं, मग क्रियापदाला हात लावायचा.

ओहायोकर: इथे जन्मलेले माझे दोन सहकारी बोलताना 'आय सीन इट' म्हणतात. त्यांची ती घरची बोली आहे. मग चूक म्हणायची कशाला?

भाषांतरवाली: बोलीत ती चूक नाहीच. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी व्याकरण लिहिलं, तेव्हा अशी रूपं त्यांना मिल्टनमध्येही सापडली होती. पण या मुलाची ती बोली नाही. 'आय'व्ह सीन' ऐकताना मधला 'व्ह' कानावर नीट पडत नाही, तोच लिहिताना गळत असावा.

नवी_नोकरी: मला 'डिड वेन्ट'वरून सगळ्यांना कॉपी ठेवून सुनावलं होतं. पुढे कित्येक महिने मी 'प्लीज फाइंड अटॅच्ड'पलीकडे काही लिहिलंच नाही. अडचण आली तरी कळवत नव्हते.

ऑडिटवाला: तसं सुनावणं वाईटच. पण क्लायंटला जाणारा मेल पाठवण्याआधी दुसऱ्याने वाचावा, यावर मी ठाम आहे.

शनिवारपेठी: दिवसाला चाळीस मेल जातात. वाचणार कोण?

कोथरूडकर: 'येस्टरडे'चं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आत्ता माझेच जुने मेल उघडले, 'हॅज सेन्ट येस्टरडे' तीन ठिकाणी सापडलं. उद्या चहाला त्याच्याशी बोलतो, आधी माझे मेल दाखवून.