धंदा बंद केल्यावर रेझ्युमेत ‘मालक’ लिहायचं की लपवायचं?

भोसरीचा_टर्नर: भोसरीत दोन व्हीएमसीवर आठ वर्षं जॉबवर्क केलं, ऑगस्टमध्ये शटर पाडलं. आता प्रॉडक्शनमध्ये नोकरी बघतोय. मित्र म्हणतो, मालक लिहिलंस तर कुणी बोलावणार नाही, माझ्या कंपनीत मॅनेजर होतास असं लिही. काय करू?

कोथरूड_७८: मित्राचं ऐका. मालक राहिलेला माणूस हाताखाली घ्यायला साहेब बिचकतात. सहा महिन्यांत परत स्वतःचं काढेल, अशी भीती असते.

रेखा_भरती: हे वाचून राहवलं नाही. बारा वर्षं चाकणच्या कारखान्यांसाठी भरती करतेय. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागितला की पीएफच्या पासबुकात त्या मित्राच्या कंपनीची एकही नोंद दिसणार नाही, आणि ऑफर तिथंच मागे घेतली जाते. मी असं डोळ्यांसमोर झालेलं पाहिलंय, दोन लहान मुलं होती त्याला.

मालकाकडे रिलीव्हिंग लेटर नसतं. त्याऐवजी जीएसटीची नोंदणी, ती रद्द झाल्याचा आदेश आणि त्या वर्षांची आयकर रिटर्न्स जोडा. तुमचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, हे कुणालाही दिसतं. चालू दिसली की पहिला संशय, धंदा अजून सुरू आहे. म्हणून नोंदणी रद्द करायचा अर्ज REG-16 भरा, रद्द झाल्याचा आदेश REG-19 हातात घ्या, मग तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न GSTR-10. रेझ्युमेतली शेवटची तारीख या कागदांशी जुळली पाहिजे.

आणि ‘व्यवसाय सांभाळला’ असलं मोघम नको. असं लिहा: ‘मालक, मशीनिंग जॉबवर्क, भोसरी. दोन व्हीएमसी, सहा माणसं. सेटिंग, कोटेशन, गिऱ्हाइकाचं ऑडिट स्वतः केलं. रिजेक्शन चार टक्क्यांवरून दीडवर आणलं.’ आकडे अर्थात तुमचे खरे टाका.

चिंचवडचा_काका: रेझ्युमे राहू द्या! धंदे बंद का पडतात ते बोला. माझे पैसे एका मोठ्या गिऱ्हाइकानं १४० दिवस अडकवले. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे, उपयोग काय?

कोथरूड_७८: आता आयकरात त्यासाठी कलम 43B(h) आलंय काका. उशीर केला की दंड.

सीए_निगडी: दंड नाही हो. त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, पैसे देतील त्या वर्षी मिळतो. आणि लेखी करार नसेल तर मुदत ४५ नाही, १५ दिवसांची.

चिंचवडचा_काका: करार कोण देतं आम्हाला? कायदा दाखवला तर पुढचं काम उद्यम नोंदणी नसलेल्याकडे गेलं. सहा पोरांचा पगार मी बायकोच्या पाटल्या मोडून दिला.

रेखा_भरती: काका, वाईट वाटतं. पण मूळ प्रश्न त्यांच्या नोकरीचा आहे.

कोथरूड_७८: तुम्ही भरतीवाले फोनच उचलत नाही, मग माणूस खोटं का लिहिणार नाही? पीएफचं मात्र मला ठाऊक नव्हतं. तेवढं मानलं.

भोसरीचा_टर्नर: ताई, नोंदणी अजून चालूच आहे, शून्य रिटर्न भरतोय. आजच सीएला फोन करतो. पण अर्जात ‘शेवटचा पगार’ असा रकाना आहे. मी कधी पगार घेतलाच नाही, घरखर्चाला लागेल तेवढं काढायचो. तिथं काय भरू?

सीए_निगडी: रिटर्नमधला निव्वळ नफा बाराने भागा.

रेखा_भरती: शेवटच्या वर्षाचा नका धरू, तो पडलेला असतो. मी शेवटच्या तीन वर्षांची रिटर्न्स मागते, पण सगळे तसं मागतील असं नाही.