मदत हवी आहे : 2018-19 ची एकच मागणी पोर्टलवर दोनदा

नमस्कार. चोपड्यात माझे शेती अवजारांचे दुकान आहे. 2018-19 या करनिर्धारण वर्षाची 18,640 रुपयांची मागणी 'Response to Outstanding Demand' या पानावर दोन वेगळ्या क्रमांकांनी दिसते. पहिली बंगळुरूच्या केंद्राने कलम 143(1) खाली काढलेली आहे. मी दुरुस्तीचा अर्ज केल्यावर प्रकरण स्थानिक अधिकाऱ्यांकडे गेले, त्यांनी अर्ज अमान्य करून कलम 154 चा आदेश दिला आणि तीच रक्कम दुसऱ्या ओळीत चढली. पैसे भरायला मी तयार आहे, पण एकदाच. यंदाचा परतावाही 37,280 रुपयांच्या थकबाकीपोटी अडकला आहे. कोणती ओळ काढायला सांगावी?

पारोळ्याचे आबा : भाऊ, घाई करू नका. 31 जानेवारी 2024 च्या आदेशाने जुन्या लहान मागण्या माफ झाल्या आहेत, तुमचीही आपोआप निघेल.

धुळ्याच्या ताई : माझ्याही नावावर मागणी होती. कापलेला कर 26AS मध्ये दिसत नव्हता. कापणाऱ्याने विवरणपत्र सुधारले आणि प्रश्न मिटला. तुम्ही 26AS तपासलात का?

जळगावचे करसल्लागार : आबा, ती माफी 2015-16 पर्यंतच्याच वर्षांना होती, आणि 2011-12 पासूनच्या वर्षांसाठी मर्यादा 10,000 रुपयांची; इथे वर्षही बसत नाही आणि रक्कमही. ताई, यांचा वाद कापलेल्या कराचा नाही.

दादा, 143(1) ची ओळ काढायला सांगा. 154 चा आदेश नंतरचा आहे व तोच उभा आहे. तो नोंदवताना आधीची मागणी शून्य करायची राहून गेलेली दिसते. उलट मागितलेत, तर आदेश कायम असताना त्याची मागणी कशी काढू, असे अधिकारी विचारतील, आणि ते रास्तच आहे. अर्जात दोन्ही क्रमांक व तारखा देऊन एवढेच लिहा : "कलम 154 च्या आदेशातील मागणी मला मान्य आहे, त्याच रकमेची कलम 143(1) खालील आधीची मागणी दुबार असल्याने ती रद्द करावी." सोबत दोन्ही आदेश आणि पोर्टलच्या त्या पानाची प्रत जोडा, व पोच घ्या.

पहिल्या ओळीवर 'Demand is correct' दाबू नका, नंतर ते फिरवता येत नाही. तिथे 'Disagree with demand' निवडून कारणात दुसऱ्या मागणीचा क्रमांक लिहा. पैसे मात्र दुसऱ्या ओळीवरच्या भरणा बटणातूनच भरा, म्हणजे चलनावर तोच क्रमांक येईल. नाहीतर रक्कम नको त्या ओळीत जाते आणि हवी ती मागणी उभीच राहते, असे मी दोनदा पाहिले आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. 143(1) च्या ओळीत दुरुस्तीचा अधिकार अजून केंद्राकडेच दिसतो. मग स्थानिक अधिकारी ती काढू शकतील का? आणि महिना 1 टक्का, म्हणजे 186 रुपये व्याज कोणत्या मागणीच्या तारखेपासून धरतील?

जळगावचे करसल्लागार : अधिकार आधी त्यांच्याकडे वर्ग व्हावा लागेल, तशी विनंती त्याच अर्जात करा आणि पोर्टलवर केंद्राकडे तक्रारही नोंदवा. व्याज ते बहुधा पहिल्या मागणीपासूनच धरतील, कारण रक्कम बदललेली नाही. त्यावर वाद घालता येतो, पण आधी दुबार ओळ जाऊ द्या.

प्रश्नकर्ता : आज अर्ज दिला, पोच मिळाली. टेबलावरचे साहेब म्हणाले, "केंद्राला विचारा." तक्रार आज रात्री नोंदवतो.