मदत हवी आहे : सहअर्जदार परगावी, कर्जाच्या कागदांवरील सह्या पुढे ढकलण्यासाठी बँकेला काय लिहावे?

गोदाकाठ :
गृहकर्जाच्या कागदांवर सह्या करण्यासाठी बँकेने १० एप्रिलला बोलावले आहे. सहअर्जदार २२ तारखेपर्यंत परगावी असून तिला मध्येच परत येणे शक्य नाही. तारीख पुढे ढकलण्यासाठी बँकेला द्यायच्या अर्जाचा मजकूर कोणी देऊ शकेल का? आजच द्यायचा आहे, त्यामुळे कृपया मुद्द्याचेच लिहावे.

चौकस :
मजकूर चार ओळींचा असतो, पण आपण काहीच सांगितलेले नाही. सहअर्जदार कोण, घराच्या मालकीत त्यांचे नाव आहे का, घर नवे की जुने, आणि त्या नेमक्या कुठे आहेत, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

गोदाकाठ :
सहअर्जदार म्हणजे माझी पत्नी, हे उघडच आहे. ती प्रशिक्षणासाठी गुवाहाटीला गेली आहे. सदनिका जुनी, नाशिकमधली, दोघांच्या नावे. कर्ज ३२ लाख. आता मजकूर मिळेल का?

सातासमुद्रापार :
यावर सोपा उपाय म्हणजे कुलमुखत्यारपत्र. मी दुबईला असताना भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही केली, ते पत्र भावाकडे पाठवले, त्याने इथे आल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले आणि बँकेत माझ्या वतीने त्यानेच सह्या केल्या. आपल्या पत्नीलाही तसेच करायला सांगा.

चौकस :
अहो, गुवाहाटी भारतातच आहे, तिथे दूतावास कुठून आणायचा?

सातासमुद्रापार :
दूतावास नसेल तर नोटरी असेलच. तत्त्व तेच आहे.

हिशोबी :
मुखत्यारपत्राच्या भानगडीत पडूच नका. पत्नीचे नाव कर्जातून काढून टाका आणि एकट्याने सही करा. माझ्या मेहुण्याने असेच केले होते आणि त्याचे काम दोन दिवसांत झाले.

निवृत्त_शाखाधिकारी :
मेहुण्यांच्या घरावर बहुधा त्यांचे एकट्याचेच नाव असावे. ज्यांच्या नावे घर आहे त्या सर्वांना बँक कर्जदार करून घेते, कारण ते घरच गहाण पडणार असते. शिवाय पत्नीचे उत्पन्न धरून ३२ लाख मंजूर झाले असतील, तर नाव काढल्याबरोबर मंजुरी पुन्हा पहिल्यापासून होईल.

मुखत्यारपत्राचे म्हणाल, तर अर्जदार देशातच असताना ते स्वीकारायला बहुतेक शाखा नाखूश असतात, कारण पुढे वसुलीची वेळ आली की सही आपली नाहीच, असा वाद उभा राहतो.

गोदाकाठ, आपण मजकूर मागत आहात, पण बँकेला तारीख पुढे नेण्यात फारसे नुकसान नसते. मंजुरीपत्राची मुदत सहसा काही महिन्यांची असते आणि ती त्या पत्रावरच छापलेली असते. अडचण दुसऱ्या बाजूला असते. साठेखतात उरलेली रक्कम किती दिवसांत द्यायची आहे, आणि विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज त्या सदनिकेवर आहे का, हे सांगावे.

गोदाकाठ :
साठेखताची नोंदणी ४ मार्चला झाली. उरलेली रक्कम ४५ दिवसांत द्यायची आहे. विक्रेत्याचे दुसऱ्या एका बँकेत कर्ज आहे आणि त्या बँकेने थकबाकीचे पत्र दिले आहे, त्यावर १५ एप्रिलपर्यंतची रक्कम लिहिली आहे. हे महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते.

निवृत्त_शाखाधिकारी :
तेच महत्त्वाचे आहे. ४५ दिवस १८ एप्रिलला संपतात आणि पत्नी येणार २२ ला, म्हणजे आपण फक्त बँकेकडून मुदत घेतली तर चार दिवसांसाठी साठेखताच्या अटीचा भंग आपल्याकडून होईल. थकबाकीच्या पत्राचे एवढे अवघड नाही. १५ नंतर त्या बँकेकडून विक्रेत्याला नवे पत्र घ्यावे लागेल आणि रोजच्या व्याजाएवढी रक्कम वाढेल, ती कोणी सोसायची एवढेच ठरवा.

हिशोबी :
मग विक्रेत्याबरोबर मुदतवाढीचा पुरवणी करार करून त्याचीही नोंदणी करा, म्हणजे प्रश्न मिटला.

निवृत्त_शाखाधिकारी :
सूचना योग्य आहे, पण पुरवणी करारावर खरेदीदार म्हणून पत्नीचीही सही लागणार आणि दुय्यम निबंधकासमोर तिलाच हजर राहावे लागणार. ज्या कारणाने मुदत हवी आहे, तेच कारण तिथेही आडवे येते. त्यापेक्षा विक्रेत्याकडून ३० एप्रिलपर्यंत रक्कम स्वीकारण्यास आणि तोवर साठेखत रद्द न करण्यास संमती असल्याचे सहीचे पत्र घ्या, आणि पत्नीने तिच्या ईमेलवरून ते मान्य असल्याचे कळवावे. नोंदलेल्या कराराइतके त्याचे वजन नाही, हे मान्य आहे.

हिशोबी :
वजनच नसेल तर उपयोग काय? उद्या दुसरा गिऱ्हाईक दोन लाख जास्त देतो म्हणाला तर तो विक्रेता ते पत्र ओळखणारही नाही.

गोदाकाठ :
वाद नंतर घालावा ही विनंती. शाखेतील अधिकाऱ्यांनी आज एक मार्ग सुचवला आहे. मी १० तारखेला सही करायची, त्याच दिवशी धनाकर्ष तयार करून ते तो शाखेत ठेवतील, आणि पत्नीने आल्यावर सही करायची. हे सोयीचे वाटते. होकार कळवू का?

निवृत्त_शाखाधिकारी :
कळवू नका. धनाकर्ष तयार झाला की कर्जखात्यात ३२ लाख नावे पडतात आणि व्याज सुरू होते. आपला दर काय हे आपण सांगितले नाही, पण साडेआठ टक्के धरला तर दिवसाला सुमारे ७४५ रुपये, म्हणजे २२ तारखेपर्यंत जवळजवळ ८,९०० रुपये शाखेच्या तिजोरीत पडून असलेल्या कागदापोटी द्यावे लागतील. धनादेश ग्राहकाच्या हाती देण्याआधीच त्याच्या तारखेपासून व्याज लावणे गैर आहे, असे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बँकांना बजावलेले आहे. त्याहून वाईट म्हणजे पत्नी २२ ला सही करेल आणि तिच्या सहीखाली १० ही तारीख घालायला सांगितले जाईल. सहीखाली ठिकाण आणि तारीख खरीच लिहावी. १० तारखेला ती गुवाहाटीत होती हे तिच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर लिहिलेले असणार.

आपल्या बँकेची गुवाहाटीत शाखा असेल, तर कागद तिथे पाठवून तिथल्या अधिकाऱ्यासमोर पत्नीची सही घेता येते. तो अधिकारी आधार आणि पॅन पाहून ‘माझ्यासमोर सही केली’ असा शेरा आणि शिक्का देतो. आम्ही नागपूर आणि नाशिकच्या शाखांमध्ये हे कितीदा केले आहे. टपालाचा वेळ धरून आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आजच मागणी केली तर १८ च्या आत जमण्याची शक्यता आहे.

चौकस :
आधारवर आधारलेली ई-सही चालत नाही का? काही बँका ती घेतात असे ऐकले आहे.

निवृत्त_शाखाधिकारी :
काही बँका घेतात, पण पत्नीचा मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा लागतो आणि त्या शाखेत ती सोय असावी लागते. विचारून पाहण्यात तोटा नाही.

अर्जात एवढेच लिहा : ‘कर्ज मंजुरी क्रमांक अमुक. सहअर्जदार प्रशिक्षणासाठी दि. २२ एप्रिलपर्यंत गुवाहाटी येथे असल्याने दि. १० एप्रिल रोजी त्यांना सहीस उपस्थित राहता येणार नाही. आपल्या गुवाहाटी शाखेत त्यांची सही घेण्याची व्यवस्था करावी. ते शक्य नसल्यास सह्यांसाठी दि. २३ एप्रिल ही तारीख द्यावी, आणि दोन्ही अर्जदारांच्या सह्या पूर्ण होईपर्यंत कर्जाची रक्कम वितरित करू नये.’ शेवटचे वाक्य गाळू नका. सोबत प्रशिक्षणाच्या पत्राची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

सातासमुद्रापार :
माझे अजूनही मत आहे की नोटरीकडचे मुखत्यारपत्र सर्वांत सुटसुटीत.

गोदाकाठ :
अर्ज दिला, शिक्का घेतला. गुवाहाटीबद्दल विभागीय कार्यालयाला विचारून सोमवारी सांगतो, असे अधिकारी म्हणाले. ई-सहीची सोय त्या शाखेत नाही. विक्रेत्याला संमतीपत्राबद्दल दोनदा फोन केला, तो उचलत नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन येतो आणि मग लिहितो.

हिशोबी :
जाताना छापलेले पत्र आणि पेन बरोबर न्या.