'मॉरल इकॉनॉमी'ला 'नैतिक अर्थव्यवस्था' म्हणावं का?

अनुवादक, कोल्हापूर: अमेरिकी अभ्यासक जेम्स स्कॉटनं १९७६ साली बर्मा-व्हिएतनामच्या शेतकऱ्यांबद्दल जे मांडलं, त्यावरचा निबंध मराठीत आणतोय. 'नैतिक अर्थव्यवस्था' असं लिहून वडिलांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "म्हंजे सावकार सज्जन असावा असं व्हय?" मुद्दा तो नाही. मालकानं किती नेलं यापेक्षा घरात किती उरलं, यावर शेतकरी अन्याय ठरवतो, असं स्कॉटचं म्हणणं. शब्द सुचवा.

राधानगरीकर: 'निर्वाहनीती' घ्या. वाट्यानं कसणं नैतिक, खंडानं कसणं बाजारी. सरळ आहे.

करवीरचे मास्तर: इतकं सरळ नाही हो. समजा, बऱ्या साली रानात २० पोती भात होतं, वाईट साली १०, आणि घराला वर्षाला ५ पोती लागतात. निम्म्या वाट्यात मालकाला १० नाहीतर ५ जातात. खंड ७ ठरला, तर दरसाल ७ च. दोन्ही साली धरून खंड सरासरीनं दरसाल अर्ध्या पोत्यानं स्वस्त पडतो. तरी कूळ वाटाच मागतं, कारण वाईट साली खंड देऊन ३ पोती उरतात आणि दोन पोत्यांसाठी सावकाराचं दार धरावं लागतं. ही नीती नव्हे, धास्ती आहे. म्हणून मी 'पोटापुरत्याचा हक्क' म्हणेन.

शिरोळकर: आम्ही खंडानं ऊस करतो. २०१९ च्या पुरात सगळा कुजला. एका मालकानं निम्मा खंड सोडला, दुसऱ्यानं पुरा घेतला. दुसऱ्याचा खंड फेडायला हातउसनं काढलं, त्यात सोसायटीचं कर्ज मार्चला नवं-जुनं केलं. व्याजमाफीचं कुणाला ठाऊक आहे का?

राधानगरीकर: व्याजमाफी हा इथला विषय नाही. पण पहिल्या मालकानं सोडला, ती नीतीच झाली की.

मास्तर: पुढच्या साली कसणारा टिकावा, हाही त्याचा हिशेब असेल. सॅम्युअल पॉपकिननं १९७९ मध्ये स्कॉटला हेच सुनावलं: गावकरी आपापला फायदा बघतात, गावाचा आधार वाटतो तितका भक्कम नसतो.

अनुवादक: मग पॉपकिनच्या 'द रॅशनल पेझंट' या पुस्तकातल्या 'रॅशनल'ला 'विवेकी' म्हणू की 'हिशेबी'?

गडहिंग्लजची सून: 'हिशेबी' नको! आमच्याकडं हिशेबी म्हणजे चिकट. सासूबाई ज्याला हिशेबी म्हणतात, त्याच्या दारात कुणी पैऱ्याला, म्हणजे अदलाबदलीनं राबायला, जात नाही.

राधानगरीकर: आणि 'विवेकी' म्हणजे कीर्तनातला. शब्द मराठी मातीतला हवा, 'रॅशनल' ठेवू नका.

मास्तर: 'हिशेबी' मला चालतो. बाईंनी पैऱ्याचं बरं काढलं. पैरा चुकवला की पुढच्या पेरणीला बैल मिळत नाहीत. आता ही नीती की हिशेब?

गडहिंग्लजची सून: आमच्याकडं त्याला नुसतं 'पैरा फेडणं' म्हणतात. आजारी माणसाचा मात्र पैरा कुणी मागत नाही.

शिरोळकर: आमच्याकडं ट्रॅक्टर आल्यापासून पैराच नाही. तासाला रोख.