किमतीचा भाग: कुठे कापावं

> ग्राहकाला पाठवायच्या प्रस्तावातला किमतीचा भाग दीड पान झालाय, तरी ग्राहक विचारतोच की यात नक्की काय काय येतं. कुठे कापू?

आधी मोजता न येणारे शब्द शोधा. 'आवश्यकतेनुसार', 'इत्यादी', 'संबंधित कामे'. भांडणं तिथूनच सुरू होतात. समजा तुमचं वाक्य असं आहे: 'संकेतस्थळाची मांडणी, मजकूर इत्यादी कामे आवश्यक त्या बदलांसह पूर्ण करून दिली जातील.' त्याऐवजी लिहा: '८ पानांची मांडणी, बदलांच्या २ फेऱ्यांसह. तिसऱ्या फेरीपासून तासाचा दर लागू. मजकूर आणि छायाचित्रे ग्राहक देईल.' आणि फेरी म्हणजे काय तेही सांगाच: एकदाच, एकत्र दिलेली बदलांची यादी. हे मी एकदा लिहिलं नव्हतं. रोज एक ईमेल येत राहिला आणि दोन फेऱ्या महिनाभर चालल्या.

किमतीत न येणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी शेवटी टाकू नका, ती कुणी वाचत नाही. ग्राहक सहज गृहीत धरेल तेवढ्याच गोष्टी घ्या आणि त्या-त्या कामाच्या ओळीलाच जोडा. वर मजकुराचं तेच केलंय.

रक्कम फक्त तक्त्यात ठेवा, कर धरून की वगळून हे तिथेच लिहा, आणि परिच्छेदांतले आकडे काढून टाका. घासाघीस झाली की एक आकडा बदलतो, दुसरा तसाच राहतो आणि ग्राहक साहजिकच कमी असलेल्यावर बोट ठेवतो.

मग हे काम माहीत नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, नववं पान हवं असेल तर काय होईल? त्याला अंदाज करावा लागला, तर ती ओळ अजून अपुरी आहे.