विडंबन फक्त कवितेचंच असतं का? (आणि ‘ब्रूमस्टिक’ला मराठीत काय म्हणाल?)

मेघना
एका संग्रहासाठी जोनाथन स्विफ्टचा छोटा निबंध मराठीत आणतेय. १७१० साली छापलेला, जेमतेम दीड-दोन पानांचा. विषय झाडूचा दांडा. हे चिंतन ‘माननीय रॉबर्ट बॉइल यांच्या चिंतनांच्या शैलीत व धर्तीवर’ आहे, असं शीर्षकातच म्हटलंय. बॉइल म्हणजे आपल्या शाळेतला, वायूचा दाब आणि आकारमानाचा नियमवाला बॉइल. तो अतिशय धार्मिक माणूस होता. १६६५ मध्ये त्याने रोजच्या साध्यासुध्या गोष्टींवरच्या चिंतनांचं एक पुस्तक काढलं. कालवं खाणं, परक्या ठिकाणी मालकाची पाठ न सोडणारा कुत्रा अशा विषयांवरून तो थेट आत्मा आणि ईश्वरापर्यंत पोचतो.

मी टीपेत लिहिलं, ‘हे बॉइलच्या शैलीचं विडंबन आहे.’ संपादकांनी त्यावर काट मारून ‘उपहास’ केलं. म्हणाले, विडंबन कवितेचं असतं, गद्याचा उपहास होतो. मला हे अजिबात पटत नाही. या निबंधात बॉइलबद्दल एकही वाकडा शब्द नाही. मग उपहास कसा?

दुसरी अडचण खुद्द ‘ब्रूमस्टिक’. केरसुणी लिहिलं की सगळंच बिघडतं. का ते सावकाश लिहिते.

वऱ्हाडी ठसका
विडंबन हा शब्द ‘वि’ अधिक ‘दंभ’ असा आहे. दंभ उघडा पाडणं म्हणजे विडंबन. त्यामुळे गद्य-पद्य हा प्रश्नच येत नाही. बॉइलचा दंभ उघडा पाडला, विषय संपला.

बोरू
ठसकाभाऊ, गद्य-पद्य याबाबत तुमच्याशी सहमत, पण व्युत्पत्ती तशी नाही. संस्कृतात ‘विडंब्’ असाच धातू आहे, दंभाचा संबंध नाही. त्याचा पहिला अर्थ नक्कल करणं, आणि नक्कल करता करता चिडवणं हा पुढचा. आपल्याकडे त्याच घरातून दोन शब्द आले. विडंबन हसण्याकडे गेलं, विटंबना अपमानाकडे. पुतळ्याची विटंबना होते, विडंबन होत नाही. हिंदीत ‘विडंबना’ म्हणजे दैवाचा विपरीत खेळ. हिंदीतून अनुवाद करणारे तिथे हमखास घसरतात.

संपादकांचा समज कुठून आला असेल ते कळतं. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’वर केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, केलेलं विडंबन मराठी घरांत इतकं पाठ आहे की विडंबन म्हटलं की वृत्त आणि यमकच आठवतं. पण ती आपली सवय झाली, शब्दाची मर्यादा नव्हे.

आता मेघनाताईंचा खरा मुद्दा. उपहासात लेखक बाहेर उभा राहून हसतो. विडंबनात तो समोरच्याचा अंगरखा घालतो. स्विफ्ट पहिल्या वाक्यापासून बॉइलचा अंगरखा घालतो आणि शेवटपर्यंत उतरवत नाही. कोपऱ्यात पडलेली काठी दिसते, ती एकेकाळी रानात रसरशीत झाड होती हे आठवतं, मन उदास होतं, आणि उसासा निघतो: खचित, मनुष्य हा झाडूचा दांडा होय! हे वाक्य बायबलच्या स्तोत्रांच्या लयीत आहे. मराठी बायबलमधला ‘खचित’ मी मुद्दाम वापरला. विनोद शब्दात नाही, त्या गंभीर लयीला किती हलकी वस्तू टांगली आहे त्यात आहे. बॉइलची पायरी न् पायरी तशीच ठेवलीय, फक्त वस्तू आणि बोध यांचं प्रमाण हललंय.

मेघना
बोरूकाका, अगदी हेच! आता दांड्याचं सांगते. निबंधाचा सगळा डोलारा एका चित्रावर उभा आहे. झाडाला पूर्वी वर फांद्या होत्या. आता वाळक्या काटक्यांची जुडी त्याच्या खोडाला बांधून ते उलटं केलंय, फांद्या जमिनीवर आणि मूळ हवेत. मग माणूस. तरुणपणी डोक्यावर स्वतःचे केस, म्हणजे त्याच्या हिरव्या फांद्या. पुढे अतिरेकाची कुऱ्हाड चालते, फांद्या तुटतात आणि तो पावडर लावलेला केसांचा टोप घालून मिरवतो. दांड्याला बांधलेल्या काटक्या आणि डोक्यावर चढवलेले परके केस, ही जोडी जमली तरच हसू येतं.

केरसुणी शिंदीच्या पानांची. तिला खोड नाही, दांडा नाही. ती उलटी होऊच शकत नाही.

रत्नागिरीची लेक
आमच्याकडे नारळाच्या हिरांची वाढवण असते. माझी आजी संध्याकाळनंतर ‘झाडू’ हा शब्दसुद्धा उच्चारू द्यायची नाही, वाढवण म्हण म्हणायची. दिवे लागल्यावर केर काढायचा नाही, वाढवण उभी ठेवायची नाही, पाय लागला तर नमस्कार करायचा. मी आता २६ वर्षं न्यू जर्सीत आहे, तरी पाय लागला की हात आपोआप कपाळाला जातो. तुम्ही वाढवण शब्द घ्या, किती गोड आहे.

वऱ्हाडी ठसका
आमच्याकडे फडा म्हणतात. आणि अंगणासाठी तुराट्यांचा खराटा. खराट्याला लांब काठी बांधतात, कंबर वाकवावी लागत नाही. ताई, तुमचं झाड उलटं करायला तुराट्यांचा खराटाच घ्या. तुरीचं झाडच असतं ते, पाहिजे तर शेंगाही लावा त्याला.

मेघना
ठसकादादा, खराटा मीही धरलाय, लांब दांड्याचा. वाढवण मलाही आवडली, पण तिच्यात तोच दांड्याचा घोळ आहे. शिवाय ताईंनी नकळत माझी मोठी भीती बोलून दाखवली. इंग्रजी वाचकाला झाडू म्हणजे हलकी, मोलकरणींनी हाताळलेली, शेवटी चुलीत जाणारी वस्तू. तिच्यावर भारदस्त चिंतन सुरू झालं की तो हसायला तयार होतो. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो. आपल्या वाचकाला केरसुणीवरचं चिंतन विचित्र वाटणारच नाही. तो ते मनापासून वाचेल.

अनामिक वाचक
मग तर उत्तमच की. लेडी बर्कलीनेही मनापासूनच वाचलं होतं.

बोरू
हो, तो किस्सा सांगायलाच हवा. स्विफ्ट डब्लिनमध्ये लॉर्ड बर्कलीच्या घरी पाद्री होता. बाईंना बॉइलची चिंतनं फार आवडायची आणि ती वाचून दाखवण्याचं काम स्विफ्टकडे होतं. कंटाळून त्याने स्वतःचं चिंतन लिहून पुस्तकात ठेवलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता वाचलं. विषय ऐकून बाई चकित झाल्या, पण इतक्या क्षुद्र वस्तूतूनही हा थोर माणूस काय उपदेश काढेल सांगता येत नाही, असं म्हणून ऐकत राहिल्या. पुढे पाहुण्यांजवळ त्यांनी तारीफ केली तेव्हा भांडं फुटलं. हा किस्सा स्विफ्टच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी टॉमस शेरिडनने लिहिलेल्या चरित्रात येतो, म्हणून थोडं मीठ-मिरची धरूनच घ्यावा. पण त्यातून एक गोष्ट दिसते. वाचकाला मूळ शैली कमालीची ओळखीची हवी, आणि तरीही त्याने क्षणभर फसायला हवं.

इथे अडचण अशी की मराठी वाचकाला बॉइलची शैलीच ठाऊक नाही. टीप देऊन ती ओळख होत नाही. पूर्वी वर्गात मी हा निबंध शिकवत असे. आधी बॉइलचं कालवांवरचं चिंतन वाचायला द्यायचो, मग झाडू. ज्या वर्षी वेळ नसल्याने नुसता झाडू दिला, त्या वर्षी अर्ध्या मुलांनी ‘लेखकाचा उदात्त जीवनविषयक दृष्टिकोन’ असं उत्तर लिहिलं. चूक मुलांची नव्हती.

शाळामास्तर
यावर सोपा उपाय आहे. आपल्याकडे शाळेत ‘मी खराटा बोलतोय’ असे आत्मवृत्तपर निबंध असतात. तीच शैली घ्या, सगळ्यांना माहीत आहे.

बोरू
सर, ओळखीची आहे खरी, पण तिथे वस्तू बोलते. बॉइलकडे वस्तू मुकी असते, माणूस तिच्याकडे बघून विचार करतो. खराटा स्वतःच बोलू लागला की ‘मनुष्य हा दांडा होय’ म्हणणार कोण?
त्यापेक्षा मराठी लघुनिबंध बघा. फडके, खांडेकर, काणेकर. एखादी किरकोळ वस्तू, हलकेच आयुष्याकडे वळण, शेवटी एक बोधाचं वाक्य. रचना जवळजवळ बॉइलचीच.

मेघना
काका, मी तो प्रयोग केला. पहिला खर्डा लघुनिबंधाच्या वळणाचा होता. छान वाचला गेला, पण लघुनिबंधकार वाचकाशी गप्पा मारतो, स्वतःवर थोडा हसतोही. बॉइल कधीच हसत नाही. तो व्यासपीठावरून उतरतच नाही. खर्डा वाचून माझी बहीण म्हणाली, ‘गोड आहे.’ गोड व्हायला नको आहे. म्हणून आता निबंधमालेच्या काळाचं मराठी वापरतेय: ‘हे जे एकाकी काष्ठ त्या उपेक्षित कोपऱ्यांत निस्तेज पडलेलें तुम्हांस दिसत आहे, तें मी पूर्वीं अरण्यांत भरभराटीच्या स्थितींत पाहिलें होतें.’ अनुस्वारांसकट.

वऱ्हाडी ठसका
हे वाचून मी हसलो. खरंच.

कीर्तनप्रेमी
मला विडंबन हा प्रकारच पटत नाही. बॉइल भक्तीने लिहीत होता. आपल्या कीर्तनातही जातं, चाळण, दिवा यांचे दृष्टांत येतात. उद्या त्यांचीही अशी नक्कल कराल. मग विटंबना आणि विडंबन यांत फरक तो काय राहिला?

मेघना
तुमचा प्रश्न मला खरंच छळतोय, आणि त्याचं कारण निबंधाचा शेवट आहे. तिथे स्विफ्ट म्हणतो की हा दांड्यासारखा उलटा माणूस जगाचा सुधारक व्हायला निघतो, कानाकोपऱ्यातली घाण उकरतो, जिथे धूळ नव्हती तिथे धुरळा उडवतो, आणि जी घाण झाडायला निघाला तीच स्वतःच्या अंगाला माखून घेतो. इथे बॉइल मागेच पडतो. हे स्विफ्टचं स्वतःचं, कडू आणि मनापासूनचं बोलणं वाटतं. विडंबन करता करता त्याने खरंच एक चिंतन लिहिलं. म्हणून मला ते भक्तीच्या विरुद्ध वाटत नाही.

पण मराठीत खराटा हातात घेतलेला सुधारक म्हटलं की डोळ्यांसमोर एकच माणूस येतो. गाडगेबाबा. गावात आले की आधी खराट्याने रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. माझ्या अनुवादातलं ते वाक्य वाचून कुणाला बाबा आठवले तर मला ते चालणार नाही. स्विफ्टचा सुधारक दुसऱ्याच्या घरातला केर दाखवत फिरतो. बाबा स्वतः झाडत होते. तरी शब्द एकच, खराटा.

बोरू
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीस वर्षं शिकवूनही.

रत्नागिरीची लेक
म्हणूनच म्हणत होते, वाढवण.

अनामिक वाचक
‘झाडूचा दांडा’ असंच सरळ ठेवा. खराटाही नको, केरसुणीही नको.

मेघना
झाडू म्हटलं की आता लोकांना निवडणूक चिन्ह आठवतं, आणि ते सुधारकाच्या वाक्यात तर आणखीच अडचणीचं. आज रात्री दोन्ही खर्डे बहिणीला परत वाचून दाखवते, एक ‘खराटा’ धरून, एक ‘झाडू’ धरून. संपादकांना बोरूकाकांचा अंगरख्याचा मुद्दा पाठवलाय. त्यांचं उत्तर आलं, ‘बरं, पण मग नक्कल का नको?’

वऱ्हाडी ठसका
नक्कल तर शाळेत करतात, परीक्षेत. बोरूकाका, विडंबनात दंभ नाही हे मी मान्य केलं, पण मग ‘डंबन’ म्हणजे काय ते तरी सांगा.